लॅपटॉप पोचला म्हणजे माणूस जॉइन झाला असं नाही

गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये एक मुलगी जॉइन झाली, रत्नागिरीहून रिमोट. आम्ही बाकीचे मुंबईत, कुणी डोंबिवली कुणी बोरिवली, आणि तिने आमच्यातल्या एकालाही कधी पाहिलेलं नव्हतं. सोमवारी कुरियरने लॅपटॉप पोचला, आमच्या चेकलिस्टवर टिक लागली आणि मी लीड असून निवांत झालो.

ती मात्र बुधवार दुपारपर्यंत लॉगिनच्या स्क्रीनवरच अडकलेली. नवीन मशीनवर पहिल्यांदा लॉगिन करताना पासवर्ड ऑफिसच्या सर्व्हरकडून तपासला जातो, घरून त्या सर्व्हरपर्यंत जायला व्हीपीएन लागतं, आणि आमचं व्हीपीएन सुरू होतं लॉगिन झाल्यावर. हेल्पडेस्कचा नंबर होता, पण तो ऑफिसच्या मेलमध्ये! नंतर ती म्हणाली, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, चारदा पासवर्ड टाकला आणि मग अकाउंट लॉक होईल म्हणून हातच लावला नाही. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. ऑफिसात असती तर शेजारच्याने पाच मिनिटांत बघितलं असतं.

आता आम्ही कुरियर करायच्या आधी आयटीवाल्याला ऑफिसच्या नेटवर्कवर नवीन माणसाच्या आयडीने एकदा लॉगिन करायला लावतो, म्हणजे मशीन ते लक्षात ठेवतं आणि घरी नेटवर्क नसलं तरी आत जाता येतं. (लॉगिनच्या आधी सुरू होणारं व्हीपीएन असेल तर हा प्रश्नच येत नाही.) आणि जॉइन व्हायच्या आधीच्या शुक्रवारीच नवीन माणसाच्या स्वतःच्या फोनवर तीन नंबर व्हॉट्सअॅप करतो, माझा, बडीचा आणि आयटीवाल्याचा.

बडी म्हणजे नवीन माणसाच्या मदतीला दिलेला टीममधलाच एक जण, लीड नव्हे हां, लीडला विचारायला नवीन माणूस कचरतो. पहिला आठवडा बडीने रोज ११ आणि साडेचारला फोन करायचाच, प्रश्न असो नसो, कारण "काही लागलं तर सांग" म्हटलं की कुणी काही सांगत नाही. टीममधल्या प्रत्येकाशी १५ मिनिटांचा कॉल, दिवसाला दोनच, आणि इन्व्हाइट मी पाठवतो, अनोळखी लोकांचा वेळ मागायचं काम त्याच्यावर टाकायचं नाही.

बुधवारी एक अगदी फुटकळ काम, स्क्रीनवरचं एखादं चुकलेलं स्पेलिंग बदल, पण ते तिकिटापासून लाइव्ह होईपर्यंत त्यानेच न्यायचं. कुठला अॅक्सेस राहिलाय ते तिथे लगेच कळतं, कागदावर सगळे "मिळाले" असतात पण कोड पुश करायला गेलं की परवानगी नाही असं येतं.

आणि शुक्रवारी एकच प्रश्न विचारतो, अर्ध्या तासापेक्षा जास्त कुठे अडकलास? उत्तर येईल ते त्याच दिवशी चेकलिस्टमध्ये टाकायचं, करणाऱ्याच्या नावासकट. "आयटी टीम" असं लिहिलं की ते कुणाचंच काम नसतं. आमच्या यादीतली पहिली ओळ त्या रत्नागिरीच्या मुलीने लिहिलीये: नंबर मेलमध्ये नको, फोनवर पाठवा.