जाता जाता एक मेल

आज तुमचा शेवटचा दिवस. नोटीस पिरियड सरला, एक्झिट इंटरव्ह्यूत गोड बोलून झालं, आता उरला तो निरोपाचा मेल. काही रूक्ष माणसं हा मेल पाच ओळींत उरकतात. आज माझा शेवटचा दिवस, अमुक कामात तुमच्याबरोबर मजा आली, आभार, हा माझा नंबर, हा माझा स्वतःचा मेल आयडी. संपलं. अशा माणसांना पुढे वर्षानुवर्षं खरोखरच फोन येत राहतात. तुम्हाला ही कटकट नको असेल, तर जरा अभ्यासाने लिहावं लागेल.

आधी वेळ साधा. दुपारच्या आत मेल गेला की लोक जागेवर येऊन भेटतात, उत्तरं लिहितात, आणि ती तुम्हाला वाचावी लागतात. त्यापेक्षा आयटीवाला लॅपटॉप घ्यायला खुर्चीमागे येऊन उभा राहिला की मगच सेंड दाबा आणि झाकण मिटा. मेल आउटबॉक्समध्येच अडकला तर सोन्याहून पिवळं. गेलाच, तर संध्याकाळी अकाउंट बंद होईल आणि रात्री निवांत बसून मनापासून लिहिणाऱ्याच्या पदरी 'मेल पोहोचला नाही' एवढंच पडेल. बऱ्याच ठिकाणी तर गेलेल्या माणसाचा मेलबॉक्स काही दिवस त्याच्या मॅनेजरकडे वळवतात. म्हणजे 'बरं झालं सुटलास बाबा, आम्हीही शोधतोच आहोत' हे तुम्हाला लिहिलेलं उत्तर ज्याने वाचायला हवं, नेमका तोच वाचेल.

कुणाकुणाला पाठवायचा, यात डोकं घालू नका. अख्ख्या कंपनीची लिस्ट टू मध्ये टाका. मग ज्यांनी तुमचं तोंडही पाहिलेलं नाही ते रिप्लाय ऑल करून 'ऑल द बेस्ट' म्हणतील, आणि त्यानंतर 'कृपया रिप्लाय ऑल करू नका' असं कुणीतरी रिप्लाय ऑल करूनच सांगेल. नावं बीसीसीत टाकली असती तर उत्तरं फक्त तुम्हालाच आली असती. पण मग सोहळा कसला?

मजकुरात आभारांची यादी हवीच. तेवीस नावं लिहा आणि डेडलाइनच्या रात्री तुमच्यासोबत थांबलेल्याचं चोविसावं विसरा. यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा तो एकटाच असतो. शेवटी एक टोमणा: 'काही जणांनी मला आयुष्यभराचा धडा दिला, ते स्वतःला ओळखतीलच.' ते ओळखतात. स्क्रीनशॉटही काढतात. पुढच्या नोकरीसाठी रेफरन्सला फोन आला की तोही बहुधा त्यांच्यातलाच कुणीतरी उचलतो.

आता मुख्य कलाकुसर, संपर्काचा तपशील. 'आपण नक्की संपर्कात राहू' असं कळवळून लिहा आणि खाली नेहमीची सिग्नेचर राहू द्या: हुद्दा, डेस्कचं एक्स्टेन्शन, ऑफिसचा मेल आयडी. उद्यापासून तिन्ही दुसऱ्याचे. कुणी म्हणालंच की स्वतःचा नंबर द्या, तर कंपनीच्या सिमचा द्या, म्हणजे तो हँडसेटबरोबरच जमा होईल. खासगी आयडी म्हणून कॉलेजात काढलेला द्या, ज्याचा पासवर्ड तुम्हालाही आठवत नाही. आणि हे सगळं छान फुलाफुलांच्या चित्रात लिहून चिकटवा. मेलमधली चित्रं अनेकांकडे आपोआप उघडत नाहीत, आणि उघडलं तरी चित्रातला नंबर कॉपी करता येईलच असं नाही. आकडे नुसते टाइप केले असते तर बोट ठेवताच फोन लागला असता!

खरे उस्ताद लिंक्डइनची लिंक देतात. ऐकायला अगदी बिनचूक उपाय, फक्त ते खातं ऑफिसच्या आयडीवर उघडलेलं ठेवायचं आणि दुसरा आयडी जोडायचा नाही. मग एके दिवशी पासवर्ड विसरला की नवीन करण्याची लिंक त्या बंद मेलबॉक्सकडे जाते. लोक निरोप टाकत राहतात, आणि तुम्ही तुमच्याच प्रोफाइलकडे बाहेरून बघत बसता.

एक पथ्य कडक पाळा. मेल सगळ्यांना पाठवण्याआधी स्वतःच्या खासगी आयडीवर पाठवून पाहू नका, आणि सहकाऱ्याच्या फोनवरून त्यातला नंबर लावून तर मुळीच बघू नका. आकडा उलटासुलटा झालेला तिथेच सापडेल आणि सगळी मेहनत पाण्यात जाईल.

इतकं करूनही एक माणूस तुम्हाला गाठणारच, कारण तुमचा खरा नंबर एचआरच्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून आहे. सोमवारी सकाळी मॅनेजरचा फोन येईल. मेल फार छान होता म्हणेल, मग विचारेल, 'ती फायनल फायनल दोन नावाची शीट नक्की कुठल्या फोल्डरमध्ये आहे?'