स्कोर बघायला गेला आणि वीस हजारांचं कर्ज घेऊन आला

आखाजीला बहीण माहेरी आली, सोबत भाचा. सांजोऱ्या खाऊन झाल्या, बाया झोक्याकडे गेल्या आणि हा पठ्ठ्या ओट्यावर माझ्या शेजारी मोबाईल घेऊन येऊन बसला. म्हणे, "मामा, मन्हा स्कोर पडना." स्कोर म्हणजे कर्ज देण्याआधी बँक बघते तो क्रेडिट स्कोर.

वय तेवीस. धरणगावहून रोज जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात जातो, तेही मित्राच्या गाडीवर मागे बसून. मित्राची शिफ्ट बदलली की याचे हाल. म्हणून स्वतःची मोटारसायकल घ्यायची होती, पंचाहत्तर हजार कर्ज हवं होतं. बँकेने फाईल बाजूला ठेवली. कारण विचारलं तर साहेब एवढंच म्हणाले, "रिपोर्ट बघ तुझा."

मी अमळनेरला एका सहकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो. असे रिपोर्ट, म्हणजे कुणाचं कर्ज किती आणि हप्ते कसे भरले याच्या नोंदी, रोज बघतो. तरी घरातल्याच पोराचा बघितल्यावर जरा वाईट वाटलं, कारण त्याने फार मोठी चूक केलेलीच नव्हती. हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलचे दहाच्या दहा हप्ते वेळेवर भरलेले. बिघडलं ते पुढे, फेब्रुवारीत, स्कोर फुकट दाखवणारं एक ॲप टाकल्यावर.

ॲपवर पहिल्या दिवशी स्कोर दिसला 752. हिरव्या रंगात. खाली लगेच पट्टी: तुमच्यासाठी 1,20,000 रुपये प्री-अप्रूव्ड. आता आमच्या टेबलावर मंजूर या शब्दाला अर्थ आहे. कागद तपासले, सही झाली, मग मंजूर. ॲपवरच्या त्या शब्दाचा अर्थ एवढाच की तुमच्यासारख्या स्कोरवाल्या लोकांना हे कर्ज दाखवायचं असं कुणीतरी ठरवलंय. तुमचा अर्ज अजून कोणी पाहिलेलाही नसतो.

याने पट्टी दाबली. पुढे 'Check Eligibility' आलं, तेही दाबलं. तिथे पगार किती, कंपनीचं नाव काय, पिनकोड काय, हे विचारलं. याने भरलं. त्याला वाटत होतं आपण अजून स्कोरच बघतोय.

माझं सगळं म्हणणं या एका जागेवर आहे. स्कोर बघायला पगार लागत नाही. पॅन, जन्मतारीख, मोबाईल नंबर आणि ओटीपी, एवढ्यावर तुमचा रिपोर्ट सापडतो. स्कोर निघतो तो कर्ज किती, हप्ते वेळेवर की उशिरा, कार्ड किती वापरलं, नवीन अर्ज किती केले यावरून, पगारावरून नाही. ज्या क्षणी ॲप पगार आणि मालकाचं नाव विचारतं, त्या क्षणी स्कोर बघणं संपलं आणि कर्जाचा अर्ज सुरू झाला. त्याच जागी मागे फिरायचं.

का, तर चौकशा दोन जातीच्या असतात. तुम्ही स्वतः स्कोर बघितला, रोज बघितला तरी, स्कोर एका गुणानेही कमी होत नाही. ती तुमची स्वतःची चौकशी. पण अर्ज म्हणून एखादी बँक किंवा फायनान्स कंपनी तुमचा रिपोर्ट मागवते, तेव्हा तिचं नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम यांची नोंद रिपोर्टच्या 'Enquiries' या भागात होते. ती पुढच्या प्रत्येक बँकेला दिसते. आमच्या बोलीत आम्ही म्हणतो, "पोरगा दारोदार फिरून आला आहे."

भाच्याच्या रिपोर्टमध्ये अशा चार नोंदी निघाल्या, नऊ दिवसांतल्या. चारही वैयक्तिक कर्जाच्या, त्यातल्या दोन एकाच दिवशीच्या. तो म्हणे, मी तर त्या दिवशी एकदाच दाबलं! बरोबर आहे. अर्ज एकच होता, पण ॲपने तो दोन कंपन्यांकडे पाठवला आणि दोघांनी रिपोर्ट ओढला. उरलेल्या दोन, "आता जास्त रक्कम मिळेल" असे नोटिफिकेशन आले तेव्हा याने पुन्हा दाबल्याच्या. ज्याच्या नावावर आधीची दहा-बारा खाती आहेत त्याला चार चौकशांनी फारसा फरक पडत नाही. पण याच्या नावावर एकच मोबाईल कर्ज. एवढ्याशा फाईलवर चार चौकशा आणि एक नवं कर्ज म्हणजे वजन पडतंच. बँकेने मागवलेल्या रिपोर्टमध्ये स्कोर 698 होता.

(752 आणि 698 हे दोन वेगळ्या संस्थांचे आकडे, हेही त्याला माहीत नव्हतं. आपल्याकडे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवून स्कोर काढणाऱ्या चार संस्था आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीचं गणित वेगळं, त्यामुळे पाच-पंचवीस गुणांचा फरक नेहमीचा. ॲप एकीचा स्कोर दाखवतं, बँक दुसरीचा बघते. आपण कुणाचा बघतोय ते स्कोरच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.)

आता त्या नव्या कर्जाचं. चार अर्जांपैकी एक पास झाला. वीस हजार, सहा महिने. गरज होती का? नव्हती. "मिळी राह्यनं तं लेऊ," असं त्याचं उत्तर. मी त्याला कराराचा पहिला कागद उघडायला लावला, ज्याला मुख्य तथ्य विवरण म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा कर्जात तो कर्जदाराला द्यावाच लागतो, आणि त्यात वार्षिक एकूण खर्चाचा दर, म्हणजे एपीआर, असतो. याने तो वाचलाच नव्हता.

जाहिरातीत व्याज होतं महिना अडीच टक्के. त्याला वाटलं, अडीच म्हणजे काय, किरकोळ. वीस हजारांतून प्रोसेसिंग फी 600, तिच्यावर जीएसटी 108, आणि न मागितलेला विमा 499 आधीच कापला. हातात आले 18,793. हप्ता 3,631 चा, असे सहा, म्हणजे एकूण 21,786. हातात आले त्याहून जास्त भरायचे ते तीन हजारांना सात रुपये कमी. सहा महिन्यांत तीन हजार फार नाहीत असं वाटतं, पण मुद्दल दर महिन्याला घटत जातं हे धरून हिशोब केला की वर्षाचा दर जवळपास 53 टक्के बसतो. विवरणात तेवढाच छापलेला होता. आमच्याकडे कापूस लावायला सावकाराकडून पैसे आणणारा म्हातारा निदान दर विचारून तरी घेतो.

वाईट याचं वाटलं की यातून बाहेर पडायची वाट होती. ॲपवरच्या कर्जाला माघारीची मुदत असते, किमान एक दिवस, आणि ती विवरणात लिहिलेली असते. तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत केला तर दंड लागत नाही. प्रोसेसिंग फी मात्र, आधी सांगितलेली असेल तर, ते ठेवून घेऊ शकतात. पैसे खात्यावर आलेल्या रात्रीच हे कळलं असतं तर सातशे-आठशे रुपयांवर सुटला असता.

मग मला विचारलं, "मामा, तं स्कोर बघूच नको का?" बघायचा. पण दुकानात नाही, गोदामात बघायचा.

या ॲपचा धंदा स्कोर दाखवण्यावर चालत नाही. तुम्ही कर्ज घेतलं की कर्ज देणारी कंपनी त्यांना कमिशन देते. स्कोर हा दारात ठेवलेला थंड पाण्याचा माठ आहे. पाणी प्यायला हरकत नाही, पण दुकान कशाचं आहे ते ओळखून प्यावं.

गोदाम म्हणजे त्या चार संस्थांची स्वतःची वेबसाइट. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे 2017 पासून प्रत्येक संस्थेला दर कॅलेंडर वर्षात एकदा स्कोरसह पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. चार संस्था, चार फुकटचे रिपोर्ट. मी जानेवारीत एकीचा, एप्रिलमध्ये दुसरीचा, असे वाटून घेतो. त्याच्या वयाच्या पोराला एवढे पुरे. तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात: नोंदणी झाली की पैशाच्या वर्गणीचे पर्याय पुढे येतात, कर्जाच्या ऑफरचा कप्पाही असू शकतो. वर्षातून एकदाचा फुकट रिपोर्ट हाच पर्याय शोधायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं. आणि नुसता आकडा बघून बंद करायचं नाही, 'Enquiries' चं पान उघडायचं. ओळखीची नसलेली कंपनी तिथे दिसली तर त्या संस्थेकडे वाद नोंदवायचा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. पण नोंद खरी असेल, तुम्हीच बटण दाबलं असेल, तर ती कोणी काढून देत नाही. जळगावात "स्कोर वाढवून देतो, तीन हजार लागतील" म्हणणारे भेटतात, त्यांना चहासुद्धा पाजू नका.

ॲप ठेवायचंच असेल तर पहिल्या पानावरची ती आपोआप टिक झालेली चौकट वाचा. भाच्याच्या ॲपमध्ये तिचा अर्थ असा होता: माझा रिपोर्ट वेळोवेळी मागवा, भागीदार कंपन्यांना द्या, आणि नको-असलेले-कॉल यादीत माझं नाव असलं तरी मला फोन करा. भागीदार आणि फोन या दोन गोष्टींची संमती न देता पुढे जाता येत नसेल, तर ते ॲप स्कोरसाठी नाहीच. तसंच संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटो यांची परवानगी मागितली तर तिथेच थांबा. कर्जाच्या ॲपलासुद्धा रिझर्व्ह बँकेने त्याला मनाई केली आहे.

भाच्याने माझ्यासमोर ॲप उडवून टाकलं आणि मोकळा झाला. मी म्हटलं, थांब. उडवल्याने दिलेली संमती जात नाही. परत टाकायला लावलं. प्रोफाइलमध्ये, चार पानं आत, संमती मागे घ्यायचा आणि माहिती पुसायचा पर्याय सापडला. तो दाबला, तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर तेच दोन ओळींत लिहून पाठवलं, स्क्रीनशॉट ठेवला आणि मग उडवलं.

वीस हजारांचं उरलेलं कर्ज त्याने आईकडून पैसे घेऊन मुदतीआधी फेडलं, कर्ज फिटल्याचा नादेय दाखला घेतला. गाडीसाठी मी त्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय, मध्ये एकही अर्ज करायचा नाही या अटीवर. तोवर मित्राच्या मागे बसायचं.

परवा मला फोन आला. "सर, आपल्याला दोन लाखांची ऑफर आहे." नंबर कुठून मिळाला विचारल्यावर बाईंनी फोन ठेवून दिला. मी भाच्याला फोन लावला. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणे, "मामा, त्या फॉर्ममा वळखीना दोन नंबर मांगेल व्हतात ना... एक तुमना दिना व्हता."