'हिला रस नाही' असं ठरवण्याआधी तिच्या मेसेजची लांबी बघा

पत्रिका जुळते, नंबर दिले जातात आणि "आता तुम्ही दोघं बोला" म्हणून घरचे मोकळे होतात. आठ दिवसांत त्याला वाटतं, हिला रस नाही. तिला वाटतं, हा फारच मागे लागलाय. बऱ्याचदा दोन्ही अंदाज चुकीचे असतात. बिघडलेला असतो तो मेसेजचा मेळ.

समजा, मुलगी देवगडची, घरची हापूसची बाग, एप्रिल चालू. रात्री नऊला तिचा मेसेज येतो: "आत्ता जेवले. आज चाळीस पेट्या भरल्या. तुमचं झालं जेवण?" ठाण्यातला मुलगा मिनिटभरात बारा ओळी पाठवतो. त्यात ऑफिस, ट्रॅफिक आणि वर तीन प्रश्न: लग्नानंतर नोकरी करणार का, ठाण्यात करमेल का, सिनेमे कुठले आवडतात? दमलेली मुलगी सोप्या प्रश्नाचं उत्तर देते, सिनेमाचं. बाकीच्या दोन्हींना नीट उत्तर द्यायचं म्हणून ठेवते. दोन दिवस जातात, मग उशीर झाल्याचाच संकोच वाटायला लागतो. इकडे हा "?" पाठवतो. (हे एकटं प्रश्नचिन्ह फोनमधून काढूनच टाकायला हवं.)

त्याने काय करायचं? तिच्या तीन ओळींना तीन-चार ओळी, फार तर पाच. प्रश्न एकच, आणि तो तिने सांगितलेल्या गोष्टीतलाच: "चाळीस पेट्या घरच्यांनीच भरल्या की गडी होते?" नोकरीचा विषय फोनवर बोलायचा, चॅटवर नाही. आणि तिच्याकडून एखाद दिवशी दहा ओळी आल्या, तर "छान" म्हणून सोडायचं नाही. त्या दिवशी आपणही सविस्तर लिहायचं. मात्र प्रत्येक मेसेज मोजत बसू नका. आठ-दहा मेसेजचा मिळून अंदाज घ्या.

वेगाचं तसंच. ज्याला कमी सवड, त्याच्या वेळा धरायच्या. ती दुपारी दोनला आणि रात्री नऊला मोकळी असेल, तर आपला सविस्तर मेसेज तेव्हाच टाकावा. ती ऑनलाइन असताना झटपट बोलावं आणि "उद्या बोलू" म्हणून थांबावं, म्हणजे रात्रभर कुणाच्या डोक्यावर उत्तराचं ओझं राहत नाही. पण तिला तीन तास लागले म्हणून आपणही मुद्दाम तीन तास थांबणं हा पोरकटपणा झाला.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजखाली येणाऱ्या टिका नीट वाचा. एकच करडी टिक म्हणजे मेसेज तिच्या फोनवर पोचलेलाच नाही. पावसाळ्यात वीज गेली, टॉवर बंद पडला की हे होतंच. निळ्या टिका दिसल्या नाहीत म्हणजे वाचलं नाही, असंही नाही. ती सोय बंद ठेवता येते.

उत्तर उशिरा येतंय, पण लांबी तेवढीच आहे आणि उलट प्रश्नही येतोय, तर माणूस कामात आहे. आंब्याचा हंगाम सरला तरी उत्तरं "हो", "बरं" एवढीच, आणि तिकडून एकही प्रश्न नाही, तर मात्र मेसेज कमी-जास्त करून उपयोग नाही. फोन करून सरळ विचारा.