बॅलन्स्ड स्कोअरकार्ड: चार चौकटींची सरासरी काय लपवते

“बॅलन्स्ड स्कोअरकार्ड एकदम सोपा आहे. चार पर्स्पेक्टिव्ह, प्रत्येकाला २५ टक्के वजन, प्रत्येकात चार-पाच केपीआय. गुणांची बेरीज करा, कामगिरीचा एक संतुलित आकडा तयार.”

बॅलन्स्ड स्कोअरकार्ड म्हणजे कंपनीची कामगिरी केवळ नफ्यावर न तोलता चार बाजूंनी, म्हणजे पर्स्पेक्टिव्हमधून, तपासण्याची पद्धत; प्रत्येक बाजूची मापके म्हणजे केपीआय. परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणाऱ्या या टिपणातील ‘चार’ हा आकडा तेवढा बरोबर आहे, आणि तोही सक्तीचा नाही.

आधी वजनांविषयी. रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ही मांडणी केली, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की वित्तीय आकडे मागील निर्णयांचे फलित सांगतात, पुढे काय होणार याची चाहूल देत नाहीत. म्हणून वित्तीय बाजूच्या जोडीला ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया आणि शिक्षण व वाढ या बाजू आल्या. कोणत्या मापकावर किती भर द्यायचा हे कंपनीच्या धोरणावरून ठरते. चारांनी भागून मिळालेल्या वजनाला धोरणाचा कसलाच आधार नसतो.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण तिच्यात चारही बाजू सुट्या विषयांसारख्या धरल्या जातात. मोबिल या तेल कंपनीच्या अमेरिकेतील विपणन व शुद्धीकरण विभागाचे उदाहरण घ्या. १९९२ च्या सुमारास नफ्याच्या बाबतीत हा विभाग प्रतिस्पर्ध्यांमध्ये तळाशी होता. बाजार संशोधनातून असे दिसले की केवळ स्वस्त पेट्रोल शोधणारे ग्राहक साधारण पाचातले एकच आहेत. उरलेल्यांपैकी अनेकजण झटपट आणि सौजन्यपूर्ण सेवा मिळत असेल तर थोडे अधिक पैसे मोजायला तयार आहेत. विभागाने अशा तीन गटांवर लक्ष केंद्रित केले आणि मग मापके निवडली. ओळख न देता पंपावर जाऊन खरेदी करणारा परीक्षक ठरलेल्या निकषांवर गुण देई. ते गुण झाले ग्राहक बाजूचे मापक. पंप मात्र स्वतंत्र डीलर चालवत, त्यामुळे डीलरचा नफा हाही ग्राहक बाजूवरच आला, कारण डीलरला परवडले नाही तर सौजन्य टिकणार नाही. कर्मचाऱ्यांची कौशल्ये सुधारली तर पंपावरील सेवा सुधारेल, सेवा सुधारली तर निवडलेले ग्राहक परत येतील, ते परत आले तर भांडवलावरील परतावा वाढेल, अशी ही साखळी होती. १९९५ पर्यंत हा विभाग नफ्यात पहिल्या क्रमांकावर आला. त्याचे सारे श्रेय स्कोअरकार्डला देणे घाईचे ठरेल, कारण त्याच काळात विभागाची पुनर्रचना आणि खर्चकपातही झाली होती.

आता बेरजेकडे वळू. दोन काल्पनिक शाखा घ्या. पहिलीचे गुण वित्तीय ९५, ग्राहक ६०, प्रक्रिया ७५, शिक्षण ५०. दुसरीचे ५५, ७५, ७५, ७५. दोघींची सरासरी ७० येते. पहिलीने प्रशिक्षण आणि मनुष्यबळ छाटून यंदाचा नफा फुगवला असण्याची दाट शक्यता आहे. दुसरीबाबत दोन शक्यता उरतात: खर्चाचे फळ अजून यायचे आहे, किंवा ‘सेवा सुधारली की नफा वाढतो’ हे गृहीतकच तिच्या बाजारात लागू पडत नाही. यातील खरे काय, हे ७० या आकड्यावरून कधीच कळणार नाही. त्यासाठी मापके काळाच्या क्रमाने मांडावी लागतात. परीक्षकाचे गुण सलग तीन-चार तिमाह्या चढत आहेत आणि तरी विक्री व परत येणारे ग्राहक जागच्या जागी आहेत, असे दिसले तर साखळीची ती कडी तुटलेली आहे. तिथे उद्दिष्ट आणखी वाढवण्यात अर्थ नाही; धोरण तपासावे लागते. स्कोअरकार्डचा हाच उपयोग बेरीज प्रथम गिळते.

याच ठिकाणी टीकाकारांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. डेन्मार्कच्या अभ्यासक हाने नॉरेक्लिट यांनी २००० मध्ये दाखवून दिले की समाधानी ग्राहक नेहमी नफा देतोच असे नाही. त्याला समाधानी ठेवण्याचा खर्च उत्पन्नाहून जास्त असू शकतो. म्हणजे कौशल्य, सेवा, ग्राहक आणि नफा यांची बाणांनी जोडलेली आकृती हा पुरावा नव्हे, ते तपासायचे गृहीतक आहे.

केपीआयच्या संख्येबद्दल थोडक्यात. मार्लिस लाइप आणि स्टीव्हन सॅल्टेरिओ यांच्या २००० मधील प्रयोगात एमबीएच्या विद्यार्थ्यांना दोन विभागांचे मूल्यमापन करायला सांगितले होते. त्यांनी दोन्ही विभागांत सारखी असलेली मापके विचारात घेतली आणि त्या-त्या विभागापुरती खास असलेली जवळपास सोडून दिली. धोरणाचा वेगळेपणा नेमका त्या खास मापकांतच असतो. त्यामुळे वीस केपीआय भरले तरी तुलना सोप्या, सामाईक आकड्यांवरच घसरण्याचा धोका राहतो. वजने वरिष्ठांच्या मर्जीवर सोडणे हाही उपाय नाही. अमेरिकेतील एका बँकेच्या शाखांच्या अभ्यासात अशा मोकळिकीनंतर वित्तीय मापकांचेच पारडे जड झालेले आढळले. म्हणून मापक खास असेल तर त्याचे कारण स्कोअरकार्डमध्येच एका ओळीत लिहावे, आणि बोनस ठरवताना त्याचा विचार कसा झाला हे मूल्यमापन करणाऱ्याने लेखी नोंदवावे.