कोटा शिल्लक असताना 429 का? सोलापूरच्या वाचकाला उत्तर

*"तुमचा लेख वाचून हवामान एपीआयचा महिन्याला १०,००० रिक्वेस्टचा फुकट प्लॅन घेतला. आमचं हवामानाचं अ‍ॅप सोलापूर जिल्ह्यातले २०० डाळिंब बागायतदार वापरतात, दिवसातून पाचेक वेळा उघडतात. पहिल्याच दिवशी सकाळी ६ च्या नोटिफिकेशनला 429 आले आणि पाचव्या दिवशी कोटाच संपला. लेखात सगळं फारच सोपं करून सांगितलंय."*

नमस्कार. तुमच्या प्लॅनमध्ये दोन वेगळे हिशेब चालतात. महिन्याचा १०,००० चा एक, आणि मिनिटाला ६० चा दुसरा. सकाळचा 429, म्हणजे "फार रिक्वेस्ट आल्या" हा नकार, दुसऱ्याचा आहे. मोजणी फोनवर नाही, एपीआय-कीवर होते आणि तुमच्या सगळ्या फोनमध्ये ही की एकच आहे. ठीक ६ ला २०० फोन जागे झाले, प्रत्येकाने आत्ताचं हवामान आणि अंदाज अशा दोन रिक्वेस्ट पाठवल्या, म्हणजे एका मिनिटात ४००. साठ पास झाल्या, बाकीच्या परत आल्या. उत्तरात बहुतेक वेळा असं दिसतं:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 30
```

म्हणजे ३० सेकंद थांबा. अ‍ॅप लगेच पुन्हा विचारत असेल तर गर्दी वाढतच जाते. शिवाय काही सेवा नाकारलेली रिक्वेस्टही कोट्यात धरतात, तेव्हा तुमच्या सेवेचा नियम एकदा बघून घ्या.

आता महिन्याचा कोटा. २०० जण, ५ वेळा, २ रिक्वेस्ट: रोजच्या २,०००. पाच दिवसांत १०,००० संपणारच. वापरकर्ते वाढले की खर्च वाढतो, ही खरी अडचण आहे. मोठा प्लॅन घेतलात तरी ती फक्त पुढे ढकलली जाईल.

मोहोळच्या चाळीस जणांना एकच हवामान हवं असतं, ते चाळीसदा कशाला विचारायचं? मध्ये एक छोटा सर्व्हर ठेवा. जिल्ह्यात ११ तालुके. त्याने प्रत्येक तालुक्याचं आत्ताचं हवामान तासाला एकदा आणायचं, म्हणजे दिवसाला २६४. अंदाज सहा तासांनी एकदा पुरतो, त्याच्या ४४. एकूण ३०८, आणि ३१ दिवसांच्या महिन्यातही ९,५४८. फोन फक्त तुमच्या सर्व्हरला विचारतील, त्यामुळे २०० चे २,००० झाले तरी हा आकडा हलत नाही. अकरा रिक्वेस्ट एकदम न सोडता सेकंदाला एक अशा सोडा. एपीआय-की अ‍ॅपमध्ये राहिली नाही म्हणजे एपीके उघडून ती कुणाला काढताही येणार नाही, हा फायदा मला कोट्याइतकाच मोलाचा वाटतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. कोटा दर १ तारखेला नवा होतो की तुम्ही प्लॅन घेतला त्या तारखेला, हे डॅशबोर्डवर तपासा. हिशेब यूटीसीने असेल तर आपल्याकडे तो पहाटे साडेपाचला बदलतो. आणि आता माहिती तासाभरापर्यंत जुनी असू शकते. वाऱ्याचा वेग बघून फवारणी ठरवणाऱ्याला हे कळायलाच हवं, म्हणून आकड्याशेजारी "५:०० ची नोंद" अशी वेळ दाखवा.