शिंपला एकच, रिपोर्ट दोन

★★ "तिसऱ्यांच्या शिंपल्यांची पूड दोनदा पाठवली. पहिल्या रिपोर्टात फक्त अरागोनाइट, दुसऱ्यात कॅल्साइटसुद्धा. आमच्या टायट्रेशनमध्ये दोन्ही वेळा कॅल्शियम कार्बोनेटच आलं. मी लॅबमध्ये ट्रेनी आहे, साहेबांना काय सांगू? दुसरी पूड तर बॉल मिलमध्ये आणखी बारीक करून दिली होती."

नमस्कार. तुमचं टायट्रेशन आणि आमचे दोन्ही एक्स-रे रिपोर्ट यांत विरोध नाही. कॅल्साइट आणि अरागोनाइट, दोन्हींचं सूत्र CaCO₃ असतं. फरक आहे तो मांडणीत: कॅल्साइटमध्ये कॅल्शियमच्या प्रत्येक अणूभोवती सहा ऑक्सिजन असतात, अरागोनाइटमध्ये नऊ. टायट्रेशनला हा फरक कळत नाही, एक्स-रेला कळतो.

स्फटिकात अणूंचे थर ठराविक अंतरावर असतात. लागोपाठच्या थरांवरून परतणाऱ्या किरणांच्या वाटेतला फरक तरंगलांबीच्या पूर्ण पटीत आला, तरच ते एकमेकांना बळ देतात आणि आलेखावर पीक उठतो. त्याचं सूत्र nλ = 2d sinθ: λ तरंगलांबी, d थरांमधलं अंतर, θ किरणाचा थराशी होणारा कोन आणि n पूर्ण संख्या, इथे 1. आलेखावर 2θ छापलेला असतो, म्हणून आधी तो निम्मा करा. नव्या मुलांचं गणित बहुधा इथेच चुकतं.

तुमच्या दुसऱ्या आलेखात 29.4 अंशांवर पीक आहे. θ झाला 14.7, त्याचा साइन 0.2538. आमच्या तांब्याच्या ट्यूबची तरंगलांबी 1.5406 अँगस्ट्रॉम, तिला 0.5076 ने भागलं की d येतो 3.035. हा कॅल्साइटचा सर्वांत ठळक पीक. अरागोनाइटचा ठळक पीक 26.2 वर, म्हणजे d साधारण 3.40. पण तेवढ्यावर नाव लिहू नका, कारण वाळूतल्या क्वार्ट्‌झचा मोठा पीक जवळच, 26.6 वर असतो. अरागोनाइटचे 27.2 आणि 45.9 वरचे पीकही सापडले, तेव्हाच आम्ही नाव लिहिलं.

मग कॅल्साइट आलं कुठून? तिसऱ्यांचं कवच अरागोनाइटचं असतं, पण नेहमीच्या दाबाला आणि तापमानाला अरागोनाइट पूर्ण स्थिर नसतं. कोरडं, जोरात आणि फार वेळ दळलं की त्याचा काही भाग कॅल्साइट होतो. कालवांचे शिंपले मिसळले असते तरी कॅल्साइट दिसलं असतं, कारण त्यांचं कवच मुख्यतः त्याचंच. पण नुसती भेसळ असती तर अरागोनाइटचे पीक पहिल्या आलेखाइतकेच अरुंद राहिले असते. तुमच्या दुसऱ्या आलेखात ते बुटके आणि रुंद झालेत, म्हणजे दळताना स्फटिकच मोडलेत. म्हणून माझा रोख बॉल मिलवर आहे.

त्याच ढिगातले अख्खे शिंपले धुऊन, वाळवून पाठवा. आम्ही अगेटच्या खलात अल्कोहोल घालून हातानं हलकेच कुटू आणि पुन्हा स्कॅन करू. या तपासणीचे पैसे घेणार नाही. तिन्ही आलेख एकावर एक ठेवून देतो, तेच साहेबांना दाखवा. 29.4 वर तेव्हाही पीक आला, तर मात्र ढिगात कालवं आहेत का ते शोधावं लागेल.