‘बहुमताने मंजूर’ एवढ्याने भागत नाही: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

*“तुमची सारांशाची पद्धत म्हणजे भांडणं झाकायची सोय आहे. आमच्या वार्षिक सभेत पार्किंगवर चाळीस मिनिटं वाद झाला आणि सारांशात ओळ एकच: ‘ठराव बहुमताने मंजूर’. आकडा नीट ऐकू आला नाही तर ‘स्पष्ट नाही’ लिहून मोकळं व्हायचं, त्यापेक्षा मोजून का टाकत नाही? आणि ज्या ठरावांना कोणी विरोधच केला नाही तिथे ‘सर्वानुमते’ लिहायला काय हरकत आहे?”*

गृहनिर्माण संस्थेच्या सभेचं रेकॉर्डिंग ऐकून तिचा सारांश लिहिण्याच्या पद्धतीवरची ही प्रतिक्रिया. तुमची तक्रार रास्त आहे. ‘बहुमताने मंजूर’ ही ओळ कोणत्याच सारांशात एकटी असता कामा नये. पण तिच्या जागी वादाचं वर्णन आणलं तर वाचणाऱ्याला सभा तापली होती एवढंच कळेल. नेमका कोणता ठराव मताला पडला, त्यात मध्येच काय बदल सुचवला गेला आणि कोणत्या मजकुरावर किती हात वर झाले, हे त्यातून कळणार नाही. पुढच्या वर्षी पार्किंगची पावती हातात पडल्यावर सभासदाला हीच माहिती लागते.

तुमच्यासारखाच विषय घेऊन बघू. समजा, हजेरी पुस्तकात ३१ सह्या आहेत. विषय क्र. ५: दुसऱ्या चारचाकीला दरमहा १,५०० रुपये शुल्क. सूचक आणि अनुमोदक उभे राहतात. चर्चेत एक सभासद म्हणतात, “हजार करा, मग आमची हरकत नाही.” दुसरे एक म्हणतात, “हो, माझं अनुमोदन.” पहिल्यांदा ऐकताना ही दोन वाक्यं चर्चेचाच भाग वाटतात आणि सुटून जातात. खरं तर ती उपसूचना आहे. तिला अनुमोदन मिळालं आणि अध्यक्षांनी ती मताला टाकली, म्हणजे त्या चाळीस मिनिटांत मतदान दोनदा झालं: आधी उपसूचनेवर, नंतर मूळ ठरावावर. सारांश लिहिणाऱ्याकडून सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. उपसूचनेचे आकडे मूळ ठरावापुढे लिहिले जातात आणि मंजूर झालेला ठराव कागदावर पडलेला दिसू लागतो.

आता आकडे. उपसूचनेवर अध्यक्ष सांगतात: बाजूने चौदा, विरोधात एकोणीस. बेरीज ३३, सह्या ३१. ही बेरीज प्रत्येक मतदानानंतर लगेच करून पाहावी, कारण चूक इथेच उघडी पडते. जास्तीचे दोन हात कुठून आले? एकाच फ्लॅटमधल्या नवरा-बायको दोघांनी हात वर केला असेल, उशिरा आलेल्या कोणाची सही राहिली असेल किंवा मोजणाऱ्याने एक रांग दोनदा मोजली असेल. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात एका सभासदाला एकच मत आहे, त्यामुळे पहिली शक्यता असेल तर तो आकडा टिकणारा नाही. पण कोणते दोन हात जास्तीचे होते ते रेकॉर्डिंग सांगत नाही, म्हणून वजाबाकी आपण करायची नाही.

आपल्या उदाहरणात सभेतच कोणीतरी म्हणतं, “एका फ्लॅटचा एकच हात!” आणि फेरमोजणी होते: बाजूने बारा, विरोधात सतरा. बेरीज २९. सारांशात निकाल म्हणून हाच दुसरा आकडा जाईल, कारण अध्यक्षांनी शेवटी जाहीर केलेला तो आहे. पहिला आकडा पुसायचा नाही. ‘पहिल्या मोजणीत १४ व १९, हरकतीनंतर फेरमोजणी’ एवढं एक वाक्य त्याला पुरतं.

मूळ ठरावाच्या वेळी गोंगाट होतो. “बाजूने अठरा” स्वच्छ ऐकू येतं. त्यानंतर “विरोधात नऊ” आणि त्याच क्षणी मागून दुसरा आवाज, “दहा, दहा!” अध्यक्ष म्हणतात, “ठीक आहे, मंजूर.” तुमचा ‘मोजून टाका’ हा सल्ला नेमका इथे चालत नाही, कारण ध्वनिमुद्रणात हात दिसतच नाहीत. चित्रीकरण असलं तरी कॅमेरा एका कोपऱ्यात असतो, मागच्या रांगा खांबाआड जातात आणि दिसणारा हात सभासदाचा की घरातल्या दुसऱ्या कोणाचा हे पडद्यावरून ओळखता येत नाही. आपण मोजलेला आकडा अध्यक्षांच्या आकड्याच्या जागी बसवला की सारांश लिहिणारा सभेचा निकाल ठरवू लागतो, आणि तो अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. म्हणून जाहीर झालेला आकडा लिहायचा, शंका तिच्या वेळेसह नोंदवायची आणि निकालावर तिचा परिणाम होतो का ते पाहायचं. १८ विरुद्ध ९ काय किंवा १० काय, ठराव मंजूरच राहतो. फरक एखाद-दोन मतांचाच असता, तर तीच शंका सारांशात सगळ्यांत वर लिहून सचिवांकडून मोजणीचा कागद मागवावा लागला असता.

आकडा खरोखरच ऐकू येत नसेल तर ‘स्पष्ट नाही’ लिहिण्याआधी तो तुकडा तीन-चार वेळा, वेग कमी करून, हेडफोन लावून ऐकायचा. मराठीत ‘एकोणीस’ आणि ‘एकोणतीस’ किंवा ‘बारा’ आणि ‘तेरा’ गोंगाटात सहज एकमेकांत मिसळतात. अशा वेळी बेरीज मदतीला येते: बाजूने १८ असताना ३१ सह्यांच्या सभेत विरोधात २९ असू शकत नाहीत. मात्र ही बेरीज अशक्य आकडा बाद करण्यापुरतीच वापरायची. तिच्यातून नवा आकडा काढायचा नाही.

अठरा आणि नऊ मिळून सत्तावीस, सह्या ३१. मग उरलेले चार ‘तटस्थ’ लिहायचे का? नाही. कोणी उठून गेलं असेल, कोणी हातच वर केला नसेल, अध्यक्षांनी स्वतः मत दिलं नसेल. ‘तटस्थ’ हा शब्द तेव्हाच, जेव्हा अध्यक्ष “तटस्थ कोण?” विचारतात आणि मोजतात.

ही सगळी नोंद लिहून झाल्यावर अशी दिसते:

> विषय क्र. ५: दुसऱ्या चारचाकीचे पार्किंग शुल्क (५२ मि. ते १ तास ३३ मि.)
> मूळ ठराव: दुसऱ्या चारचाकीस दरमहा १,५०० रु. शुल्क आकारावे. सूचक व अनुमोदक: नावे हजेरी पुस्तकातील नोंदीप्रमाणे.
> उपसूचना: शुल्क १,००० रु. असावे. अनुमोदन मिळाले. मतदान हात वर करून. पहिल्या मोजणीत बाजूने १४, विरोधात १९; एका सदनिकेचे एकच मत धरावे या हरकतीनंतर फेरमोजणी. जाहीर आकडे: बाजूने १२, विरोधात १७. उपसूचना नामंजूर.
> मूळ ठरावावर मतदान हात वर करून. जाहीर आकडे: बाजूने १८, विरोधात ९. (१ तास ३१ मि.: विरोधातील आकडा १० असल्याचे एका सभासदाने म्हटले, अध्यक्षांनी आकडा बदलला नाही.) तटस्थ मते विचारली गेली नाहीत. ठराव मंजूर.
> चर्चेतील मुद्दे: पाहुण्यांच्या गाड्यांसाठी उरणारी जागा, शुल्काची रक्कम कोणत्या खात्यात जमा होणार, भाडेकरूंच्या गाड्या. एका सभासदाने आपला विरोध नावानिशी नोंदवण्यास सांगितले.

चाळीस मिनिटं एवढ्यात बसली आणि त्यातलं काहीही झाकलं गेलेलं नाही. आवाज चढला, कोण कोणाला काय बोललं, ते इथे नाही, कारण त्यावर कोणी मत दिलं नव्हतं. पण “माझा विरोध नावासकट लिहा” असं कोणी म्हटलं तर ते नाव प्रत्यक्ष नोंदीत आलंच पाहिजे. इतरांनी विचारलेले प्रश्न नावाशिवाय चालतात.

आता ‘सर्वानुमते’. विरोध ऐकू आला नाही म्हणून हा शब्द घालता येत नाही. ठरावाच्या शेवटी अध्यक्ष काय बोलतात ते ऐका. “विरोध आहे का कोणाचा?” असं विचारून थोडी शांतता गेली आणि ते “सर्वानुमते मंजूर” म्हणाले, तर ‘विरोध विचारला, कोणी नोंदवला नाही, अध्यक्षांनी सर्वानुमते मंजूर जाहीर केले’ असं लिहा. ताळेबंदाच्या विषयावर मात्र बऱ्याचदा समोरच्या दोन रांगांतून “मंजूर, मंजूर” येतं आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते, विरोध विचारलाच जात नाही. तिथे ‘अध्यक्षांनी मंजूर जाहीर केले; मतमोजणी झाली नाही; विरोध विचारल्याचे ऐकू येत नाही’ हेच खरं. पुढे कोणी लेखी हरकत घेतली, तर ‘सर्वानुमते’ हा सारांश लिहिणाऱ्याने आपल्या पदरचा घातलेला शब्द ठरतो.

शब्दांबद्दल आणखी थोडं, कारण पक्षपात बहुतेक वेळा आकड्यांत नसतो, क्रियापदांत असतो. ‘सचिवांनी स्पष्ट केले’ म्हटलं की त्यांचं म्हणणं बरोबर ठरतं. ‘सभासदांनी आरोप केला’ म्हटलं की त्यांचं म्हणणं संशयास्पद ठरतं. दोघांनाही ‘म्हणाले’ किंवा ‘विचारले’ लावावं. ‘केवळ ९ जणांचा विरोध’, ‘अखेर मंजूर’, ‘तरीही ठराव रेटला’ यांतले ‘केवळ’, ‘अखेर’, ‘रेटला’ काढून वाक्य पुन्हा वाचा. अर्थ जराही कमी होत नाही. ‘मात्र’ आणि ‘तरीही’ शोधून काढण्यासाठी सारांशावर एक वेगळी फेरी जरूर मारावी. हे दोन शब्द लिहिताना लक्षात येत नाहीत आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी बाजूला झुकतात.

कामाचा क्रम असा ठेवावा: पहिल्या ऐकण्यात लिहायचं काहीच नाही. फक्त विषय कुठे सुरू झाला, मतदान कुठे झालं आणि अध्यक्षांनी निकाल कुठे सांगितला, या वेळा टिपायच्या. दुसऱ्या ऐकण्यात तेवढेच तुकडे नीट ऐकून ठरावाचा मजकूर आणि आकडे उतरवायचे. मुद्दे शेवटी. हा क्रम उलटा केला की चर्चेत ज्याचं म्हणणं पटलं त्याच्याकडे पुढची वाक्यं झुकतात.

आणि हा सारांश म्हणजे सभेचं इतिवृत्त नव्हे. इतिवृत्त समितीने लिहायचं असतं. दोहोंत आकडा वेगळा आला तर सारांश गुपचूप बदलू नका. रेकॉर्डिंगमधली वेळ देऊन समितीला लेखी कळवा, आणि इतिवृत्त कायम होईपर्यंत मूळ रेकॉर्डिंग, काहीही न कापता, जपून ठेवा.